फोनवरून पाठविलेले पैसे दोन बँकांमधून कसे जातात : चलचित्र-आकृतीच्या प्रकल्प नोंदी

4 ऑगस्ट 2025

वाचनालयाच्या संगणक खोलीत लावण्यासाठी आणि तालुक्यातील बचत गटांच्या फोनवर पाठविण्यासाठी एक छोटे ॲनिमेशन करावयाचे ठरले आहे. फोनवरून केलेला यूपीआय व्यवहार एका बँकेतून दुसऱ्या बँकेत कसा जातो, हे त्यात मराठीत दाखवायचे आहे. असा विषय काढला की साधारणपणे डावीकडे एक बँक, उजवीकडे दुसरी बँक आणि मधून घरंगळत जाणारे रुपयाचे नाणे, असे चित्र काढले जाते. ते दिसायला सोपे असले तरी आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांना त्यातून उत्तर मिळत नाही.

खानापूरकडच्या एका बचत गटाच्या खजिनदार मावशींनी मागे विचारले होते, "माझ्या खात्यातनं गेलेत की हो सर, मग निपाणीत बहिणीला का मिळनात? मधी कुठं थांबलेत म्हणायचे?" पैसे वाटेत कुठेतरी थांबतात, ही समजूत त्या नाण्याच्या चित्रानेच घट्ट होते. प्रत्यक्षात दोन्ही बँकांच्या मध्ये तुमचे पैसे थांबतील अशी जागाच नाही. जे प्रवास करतात ते निरोप असतात, आणि पैसे म्हणजे दोन बँकांच्या वहीतील दोन आकडे असतात, जे जागच्या जागी बदलतात.

म्हणून पहिला नियम असा केला की आकृतीत हलणारा ठिपका कधीही पैसा म्हणून दाखवायचा नाही. शिल्लक रकमेचे दोन चौकोन दोन बँकांजवळ स्थिर राहतील आणि निरोप पोहोचल्यावरच त्यांतील आकडा बदलेल. उदाहरणही एकच ठेवायचे : खानापूरच्या मावशींच्या खात्यात 6,200 रुपये आहेत, त्या निपाणीच्या बहिणीला 1,500 रुपये पाठवितात, आणि बहिणीच्या खात्यात आधीचे 900 रुपये आहेत.

7 ऑगस्ट 2025

आज आकृतीतील नोड, म्हणजे निरोप जेथे पोहोचतात ती ठिकाणे, ठरविली. बहुतेकांना वाटते की ॲप म्हणजेच बँक, त्यामुळे आकृतीत सर्वांत आधी ही दोन्ही वेगळी करावी लागतात. फोनमधील ॲप एखाद्या कंपनीचे असले तरी ते यूपीआयच्या जाळ्याशी थेट जोडलेले नसते. त्याला एखाद्या बँकेच्या आधाराने आत यावे लागते, आणि त्या आधार देणाऱ्या बँकेला पीएसपी बँक म्हणतात. मावशींचे खाते एका बँकेत आणि त्यांच्या ॲपची पीएसपी बँक भलतीच, असे सर्रास असते. यूपीआय आयडीत `@` या चिन्हानंतर जो भाग येतो, त्यावरून ही पीएसपी बँक ओळखता येते. तो भाग खाते कोणत्या बँकेत आहे हे सांगेलच असे नाही.

त्यामुळे नोड असे झाले : मावशींचा फोन, त्यांच्या ॲपची पीएसपी बँक, त्यांच्या खात्याची बँक, मध्यभागी यूपीआयचा स्विच, आणि पलीकडे बहिणीच्या ॲपची पीएसपी बँक व बहिणीच्या खात्याची बँक. बँकांमधले निरोप पुढे पोहोचविणारा हा स्विच चालविते ती भारतीय राष्ट्रीय देयक निगम, म्हणजेच एनपीसीआय. आकृतीत मावशींच्या आणि बहिणीच्या बँकांना जोडणारी सरळ रेघ नाही, त्यांच्यातला प्रत्येक निरोप स्विचवरूनच जातो. खानापूरची बँक निपाणीच्या बँकेशी एक शब्दही थेट बोलत नाही.

बहिणीचे खाते सहकारी बँकेत आहे असे मुद्दाम धरले, कारण बेळगाव, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात तेच नेहमीचे आहे. अनेक लहान सहकारी बँका स्विचशी स्वतः न जोडता एखाद्या मोठ्या बँकेमार्फत उप-सदस्य म्हणून जोडलेल्या असतात, आणि त्या मोठ्या बँकेला प्रायोजक बँक म्हणतात. म्हणून स्विच आणि बहिणीची बँक यांच्यामध्ये आणखी एक नोड काढावा लागला. हा नोड पुढे बिघाड दाखविताना कामाला येणार आहे. पतसंस्थेतील खाते मात्र या आकृतीत येत नाही, कारण यूपीआयचे सदस्यत्व बँकांना मिळते, पतसंस्थांना नाही. हे एका ओळीत लिहून टाकले आहे, कारण आमच्याकडे लोक दोहोंना "बँक"च म्हणतात.

सहकाऱ्यांनी विचारले की खाते पलीकडे चंदगडला किंवा गडहिंग्लजला असेल तर वेगळी आकृती लागेल का. लागणार नाही. स्विचला राज्याची हद्द माहीत नसते, त्याला फक्त बँक, शाखेचा आयएफएससी क्रमांक आणि खाते क्रमांक लागतो.

11 ऑगस्ट 2025

आज सुरळीत पार पडणाऱ्या व्यवहाराचा क्रम पक्का केला. ॲनिमेशनचा कणा हाच असल्यामुळे येथे सविस्तर लिहून ठेवतो.

मावशी आयडी टाकतात तेव्हा पैसे पाठविण्याच्या आधीच एक छोटी विचारपूस होते. स्विच बहिणीच्या पीएसपीकडून नाव मागवितो आणि ते मावशींच्या पडद्यावर येते. 30 जून 2025 पासून ॲपनी येथे बँकेच्या नोंदीतील नावच दाखविले पाहिजे, फोनमध्ये साठविलेले किंवा ग्राहकाने स्वतः ठेवलेले नाव चालत नाही. आमच्याकडे हे महत्त्वाचे आहे, कारण बहिणीचे खाते माहेरच्या आडनावाने असू शकते आणि पडद्यावरचे नाव पाहून मावशी थबकतात. ते नाव बँकेच्या वहीतून आले आहे एवढे कळले तर थबकण्याचे कारण उरत नाही, आणि खरोखरच परके नाव आले तर थांबणे योग्यच ठरते.

त्यानंतर रक्कम आणि पिन. पिन टाकण्याचा तो पडदा ॲपचा दिसत असला तरी तो एनपीसीआयने दिलेल्या सामाईक भागातून येतो, पिन तेथेच कुलूपबंद होतो आणि तो बरोबर की चूक हे मावशींच्या खात्याची बँकच तपासते. ॲपची कंपनी आणि पीएसपी बँक त्याला बंद स्थितीतच पुढे देतात. आकृतीत याच्यासाठी ठिपक्याच्या पोटात एक छोटा काळा चौकोन काढला आहे, आणि तो मावशींच्या बँकेच्या नोडवरच उघडतो.

आता मुख्य प्रवास. ॲपकडून निरोप पीएसपी बँकेकडे आणि तेथून स्विचकडे जातो, त्याचे नाव `ReqPay`. स्विच बहिणीच्या पीएसपीला विचारतो की या आयडीमागचे खाते कोणते, आणि तिच्याकडून खाते क्रमांक व आयएफएससी मिळवितो. मगच स्विच मावशींच्या बँकेला सांगतो की 1,500 रुपये वजा करा. बँक पिन तपासते, शिल्लक पाहते, 6,200 चे 4,700 करते आणि "वजा केले" असे उत्तर देते. हे उत्तर हातात आल्यावरच स्विच बहिणीच्या बँकेला "जमा करा" असा निरोप पाठवितो. तेथे 900 चे 2,400 होतात, "जमा केले" हे उत्तर स्विचकडे परत येते, आणि शेवटी दोन्ही पीएसपींना निकाल कळविला जातो, तेव्हा दोघींच्या फोनवर हिरवी खूण उमटते.

आधी वजा, उत्तर, मग जमा, हा क्रम कधीही उलटत नाही. पिन चुकला किंवा शिल्लक अपुरी असली तर व्यवहार वजा होण्याच्या पायरीवरच संपतो आणि बहिणीच्या बँकेला काही घडल्याचे कळतही नाही. चुकीच्या पिनसाठी `ZM` आणि अपुऱ्या शिल्लकेसाठी `Z9` असे संकेत परत येतात, आणि ॲप त्यांचे वाक्यात रूपांतर करून दाखविते.

14 ऑगस्ट 2025

आकृती एसव्हीजीमध्येच, म्हणजे रेघा आणि अक्षरे मजकुराच्या रूपात साठविणाऱ्या चित्र-फाइलमध्येच, करायची ठरली. व्हिडिओ फाइल खेड्यातल्या नेटवर्कवर जड जाते, आणि मराठी अक्षरे तिच्यात पुसट दिसतात. एसव्हीजीमध्ये नोड म्हणजे वर्तुळे, वाटा म्हणजे रेघा आणि निरोप म्हणजे त्या रेघांवरून सरकणारा ठिपका. जाणारा निरोप भरीव ठिपक्याने आणि येणारे उत्तर पोकळ ठिपक्याने दाखविले आहे, म्हणजे रंग ओळखता न येणाऱ्यालाही फरक कळेल.

प्रत्येक हालचाल आधीच्या हालचालीच्या शेवटाला बांधली आहे. जमा करण्याच्या निरोपाचा भाग असा दिसतो :

```svg
<path id="toPayeeBank" d="M320 180 L520 300"/>
<circle r="7">
  <animateMotion id="credit" dur="1.2s"
      begin="debitReply.end" fill="freeze">
    <mpath href="#toPayeeBank"/>
  </animateMotion>
</circle>
```

येथील `begin="debitReply.end"` ही ओळ खऱ्या व्यवस्थेचा नियमच पाळते. वजा झाल्याचे उत्तर स्विचपाशी पोहोचले नाही तर जमा करण्याचा ठिपका सुटतच नाही. वेळा सेकंदांत मोजून लावल्या असत्या तर चित्र तेच दिसले असते, पण पुढे एखादे उत्तर गाळून बिघाड दाखविताना बाकीचे ठिपके आपले चालतच राहिले असते.

खरा व्यवहार काही सेकंदांत आटोपतो आणि आमचे ॲनिमेशन त्याहून कितीतरी संथ आहे. म्हणून कोपऱ्यात "प्रत्यक्षात हे सर्व काही सेकंदांत होते" अशी ओळ पूर्णवेळ ठेवली आहे. ती नसेल तर लोक उगाच आपल्या फोनची गती या चित्राशी ताडून पाहतील.

19 ऑगस्ट 2025

आता मूळ प्रश्न. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तो प्रसंग आज काढला.

मावशींच्या बँकेने 1,500 रुपये वजा करून उत्तर दिले. स्विचने जमा करण्याचा निरोप पाठविला. आणि पलीकडून काहीच आले नाही. किती वेळ वाट पाहायची याला मर्यादा आहे : पैसे देण्याच्या या निरोपांच्या उत्तरासाठी पूर्वी 30 सेकंद असत, ते 16 जून 2025 पासून 15 सेकंदांवर आणले आहेत. ती वेळ संपली की स्विचच्या दृष्टीने हे "उत्तर नाही" असे प्रकरण होते.

या शांततेमागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि त्या आकृतीत एकाखाली एक काढल्या आहेत. पहिल्या चित्रात निरोप प्रायोजक बँकेपर्यंत गेला, पण पुढच्या दुव्यात अडकला, आणि बहिणीच्या बँकेला तो मिळालाच नाही. दुसऱ्यात निरोप मिळाला, पण बँकेची मुख्य प्रणाली त्या वेळी तुंबलेली असल्यामुळे वहीत नोंद झाली नाही. तिसऱ्यात नोंद झाली, 900 चे 2,400 झाले, परंतु परतीच्या वाटेवर उत्तर हरवले. तिन्ही चित्रांत बहिणीच्या बाजूला वेगवेगळे घडले आहे, आणि स्विचला मात्र तिन्ही वेळा अगदी सारखेच दिसते, म्हणजे काहीच दिसत नाही. रजिस्टर पत्राची पोचपावती आली नाही म्हणून पत्र पोचलेच नाही असे म्हणता येत नाही, तसेच हे आहे.

पाहणाऱ्याला लगेच वाटते की मग मावशींचे पैसे परत का करीत नाहीत. समजा स्विचने लगेच मावशींच्या बँकेला "वजा केलेले परत जमा करा" असे सांगितले, आणि प्रत्यक्षात तिसरे चित्र खरे होते. मग मावशींकडे पुन्हा 6,200 आणि बहिणीकडे 2,400. पंधराशे रुपये हवेतून तयार झाले, आणि ते कोणत्या तरी बँकेच्या अंगावर पडले. म्हणून जमा करण्याच्या टप्प्यावर उत्तर न आल्यास स्विच उलट व्यवहार करीत नाही. तो व्यवहार मान्य झाल्यासारखा धरून बाजूला ठेवतो, आणि खरे काय घडले हे बहिणीच्या बँकेने आपली वही तपासून सांगावे अशी जबाबदारी तिच्यावर येते. मावशींच्या फोनवर याच काळात "प्रलंबित" दिसते.

हीच शांतता एक पायरी आधी झाली असती तर निर्णय उलट असतो. वजा करण्याच्या निरोपाला मावशींच्या बँकेने उत्तर दिले नाही, तर स्विच जमा करण्याचा निरोप सोडत नाही आणि त्याच बँकेला रद्द करण्याचा निरोप धाडतो. वजा झालेच असेल तर रक्कम परत जाते, झाले नसेल तर काही बिघडत नाही, कारण पलीकडे अजून कोणाला काही मिळालेले नाही. आणि बहिणीच्या बँकेने गप्प न राहता स्पष्ट नकार दिला, उदाहरणार्थ खाते बंद आहे, तर स्विच मावशींची रक्कम तत्काळ परत करवितो. नकार हे उत्तर आहे, आणि उत्तरावर निर्णय घेता येतो. सगळी अडचण मौनाची आहे.

सहकाऱ्यांचा आग्रह होता की तीन चित्रांऐवजी एकच काढावे, लोक गोंधळतील. मी तिन्ही ठेवली. मावशींना अडलेले ठिकाण नेमके हेच आहे, आणि ते गुळगुळीत केले तर पुन्हा नाण्याच्या चित्रावरच येऊन पोहोचू.

22 ऑगस्ट 2025

प्रलंबित व्यवहाराचे पुढे काय होते, ते दिनदर्शिकेच्या रूपात काढले. ठिपके येथे नाहीत, फक्त चौकोन एकेक करून उजळतात.

बहिणीच्या बँकेपुढे दोनच वाटा असतात. वही पाहिल्यावर रक्कम जमा झालेली असेल, किंवा ती आता जमा करीत असेल, तर ती तशी खात्री कळविते. जमा करता येत नसेल तर ती रक्कम परत पाठविते आणि मावशींच्या बँकेमार्फत ती त्यांच्या खात्यात येते. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, एका व्यक्तीने दुसरीला पाठविलेली रक्कम वजा होऊनही जमा झाली नसेल, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत झाली पाहिजे, आणि त्यापुढे उशीर झाल्यास दर दिवसाला 100 रुपये भरपाई ग्राहकाला द्यावी लागते. दिवस दिनदर्शिकेप्रमाणे मोजायचे, सुटी वगळायची नाही. दुकानदाराला दिलेल्या पैशासाठी हीच मुदत पाच दिवसांची आहे, हे बारीक अक्षरात दिले आहे.

आमच्या उदाहरणात व्यवहार मंगळवारी, 19 ऑगस्टला रात्री झाला असे धरले. बुधवार, 20 तारीख ही मुदत. रक्कम शनिवारी, 23 तारखेला परत आली, तर गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार मिळून 300 रुपये भरपाई होते. परिपत्रकाप्रमाणे ती मागणी न करता बँकेने स्वतःहून जमा करायची असते, परंतु माझ्या मते पासबुकात ती ओळ आली की नाही हे पाहणे आपल्याकडेच ठेवावे.

या चौकोनांच्या खाली एक सूचना ठळक केली आहे : प्रलंबित दिसत असताना त्याच व्यक्तीला तीच रक्कम पुन्हा पाठवू नये. तिसरे चित्र खरे असेल तर बहिणीकडे 3,900 होतील, आणि दुसरा व्यवहार सुरळीत पार पडलेला असल्यामुळे तो आपोआप परत येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. फार तर बहिणीला फोन करून शिल्लक बघायला सांगावे. तिच्याकडे जमा दिसले तर मावशींच्या ॲपवरील "प्रलंबित" ही केवळ मागे राहिलेली नोंद असते आणि ती यथावकाश सुधारते.

25 ऑगस्ट 2025

दोन बँकांमधले खरे पैसे कधी हलतात, हा भाग लहान ठेवला. बहिणीच्या बँकेने 1,500 रुपये जमा केले तेव्हा तिला मावशींच्या बँकेकडून अजून काहीही मिळालेले नसते. दिवसभरातील व्यवहार ठराविक फेऱ्यांत गोळा होतात, दिवसात अशा 10 फेऱ्या असतात, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी एनपीसीआय प्रत्येक बँकेचे देणे-घेणे एकमेकांतून वळते करून उरलेला एकच आकडा काढते. तो आकडा रिझर्व्ह बँकेतील त्यांच्या खात्यांतून इकडून तिकडे होतो.

दृश्यात एक सोपे उदाहरण घेतले : एका फेरीत मावशींच्या बँकेने एकूण 40 लाख द्यायचे आणि 37 लाख घ्यायचे असतील, तर तिच्याकडून फक्त 3 लाख जातात. मावशींचे 1,500 त्यात कोठे आहेत हे दाखविता येत नाही, आणि म्हणून या दृश्यात त्यांच्यासाठी ठिपका काढलेला नाही. प्रायोजक बँक असेल तर बहिणीच्या सहकारी बँकेचा हिशेब तिच्या मार्फत पुढे जातो, एवढी एक ओळ बाजूला दिली आहे.

1 सप्टेंबर 2025

गणपतीच्या सुट्यांत फोनवर पाहून काही जणांनी सूचना दिल्या. एसव्हीजीमधील मजकूर आपोआप पुढच्या ओळीत जात नाही, त्यामुळे "बहिणीच्या खात्याची बँक" हे नाव लहान पडद्यावर बाहेर जात होते. ते दोन ओळींत तोडले. काहींना हलत्या चित्राने डोके दुखते, त्यांच्यासाठी `prefers-reduced-motion` ही फोनमधील निवड ओळखून ठिपके न हलविता क्रमांक घातलेले स्थिर चित्र दाखविण्याची सोय केली. कन्नडमधून येणाऱ्या एसएमएसचा एक नमुना दृश्यात घालावा असे एकाने सुचविले. त्यातील आकडे आणि संदर्भ क्रमांक कुठल्याही भाषेत सारखेच असतात, एवढेच दाखविण्यापुरता तो घेतला.

शेवटच्या चौकटीत तक्रारीचा मार्ग आहे. व्यवहाराच्या तपशिलात 12 अंकी संदर्भ क्रमांक असतो, तो आधी टिपून घ्यावा, कारण वरच्या आकृतीतील प्रत्येक नोडवर व्यवहार त्यावरूनच शोधता येतो. तक्रार प्रथम ॲपमध्येच त्या व्यवहारावर नोंदवावी, तेथे निकाल न लागल्यास आपल्या खात्याच्या बँकेत द्यावी. बहिणीच्या बँकेत जाऊन मावशींना फारसे साधत नाही, कारण मावशी त्या बँकेच्या ग्राहक नाहीत. तेथे जायचे झाल्यास बहिणीनेच जावे. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि तिच्यासाठी शुल्क लागत नाही. फाइल आज वाचनालयाच्या संगणकावर घातली असून बचत गटांसाठीची स्थिर प्रत वेगळी काढून ठेवली आहे.